शिक्षकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण आणि शाळास्तरीय मार्गदर्शन

सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणजे नोकरीत असलेल्या शिक्षकाचे ज्ञान व अध्यापनकौशल्य वाढावे यासाठी योजलेले प्रशिक्षण. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांत ते बहुधा एक ते काही दिवसांच्या कार्यशाळेच्या रूपाने दिले जाते. याहून वेगळा प्रकार म्हणजे शाळास्तरीय मार्गदर्शन. यात जाणकार मार्गदर्शक शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात वारंवार येतो, पाठ पाहतो, त्यावर बोलतो आणि पुढच्या भेटीत त्याच गोष्टीचा पाठपुरावा करतो. पहिल्या प्रकारातून शिक्षकाला माहिती मिळते, पण वर्गातील अध्यापन क्वचितच बदलते. दुसऱ्या प्रकारातून ते बदलू शकते, मात्र त्याला माणसे व वेळ पुष्कळ लागतो. या लेखात दोहोंतील भेद मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवण किनाऱ्यावरील लहान प्राथमिक शाळांच्या संदर्भात मांडला आहे.

पार्श्वभूमी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच बोलीभाषेतील ‘डाएट’, स्थापन होऊ लागल्या. त्याच सुमारास देशभर शिक्षकांचे मोठ्या प्रमाणावर उद्बोधन वर्ग भरवण्यात आले. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात ‘स्मार्ट पीटी’ या नावाने प्राथमिक शिक्षकांचे राज्यव्यापी प्रशिक्षण झाले आणि त्याच दशकात केंद्रशाळा व केंद्रप्रमुख ही रचना उभी राहिली. दहा-बारा किंवा त्याहून अधिक शाळांचे एक केंद्र असते. केंद्रप्रमुखाने त्या शाळांना शैक्षणिक मदत करावी आणि दरमहा शिक्षण परिषद घ्यावी, असा मूळ हेतू होता. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला २० दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे.

या तरतुदी दिवसांत व तासांत मोजल्या जातात. शिक्षक किती तास बसला याची नोंद होते. परत गेल्यावर त्याने काय वेगळे केले याची नोंद ठेवण्याची रीत नाही. बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठीही प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे उपस्थिती हाच प्रशिक्षणाचा पुरावा ठरत गेला.

एकदिवसीय कार्यशाळा का अपुरी पडते

पहिले कारण उतरंडीचे आहे. राज्यस्तरावर तयार झालेला घटकसंच जिल्ह्यातील तज्ज्ञ मार्गदर्शकांना शिकवला जातो, ते तालुक्याच्या साधनव्यक्तींना शिकवतात आणि साधनव्यक्ती गटसाधन केंद्रात शिक्षकांना शिकवतात. प्रत्येक पायरीवर वेळ कमी होतो. राज्यस्तरावरील पाच दिवस तालुक्याला पोहोचेपर्यंत दोन किंवा एक होतात. आधी गळते ते प्रात्यक्षिक, कारण त्याला वेळ व साहित्य लागते. शेवटी हाती उरतात त्या सरकचित्रफिती आणि त्यांचे वाचन.

दुसरे कारण अधिक खोल आहे. कार्यशाळेत शिक्षक एखादी पद्धत समजून घेतो, क्वचित इतर शिक्षकांसमोर करूनही पाहतो. पण समोर मुले नसतात. खरी अडचण वर्गात येते, आणि ती आली तेव्हा विचारायला कोणी नसते. दोन-तीन प्रयत्नांत मुले गोंधळली की शिक्षक जुन्या, निदान शांतपणे पार पडणाऱ्या पद्धतीकडे वळतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. नवी पद्धत पहिल्या काही आठवड्यांत जुन्या पद्धतीपेक्षा वाईटच जमते, आणि नेमक्या त्याच काळात शिक्षक एकटा असतो. अमेरिकेतील ब्रूस जॉईस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी हाच मुद्दा मांडला. विवेचन, प्रात्यक्षिक आणि सराव यांच्या जोडीला वर्गातील मार्गदर्शन नसेल, तर शिकलेले कौशल्य दैनंदिन अध्यापनात उतरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तिसरे कारण किनाऱ्यावरच्या शाळांना विशेष जाचते. सिंधुदुर्गात, आणि एकूणच कोकणात, कमी पटाच्या द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. त्यांतील एक शिक्षक कार्यशाळेला गेला की दुसऱ्याला चारही इयत्ता सांभाळाव्या लागतात. देवबाग किंवा आचरा भागातील शिक्षकाला जिल्हास्तरावरील वर्गासाठी ओरोसला, सिंधुदुर्गनगरीला, जायचे तर जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. कार्यशाळेतील उदाहरणे मात्र तीस मुलांच्या, एकाच इयत्तेच्या वर्गाची असतात. गट पाडून करायची कृती तिसरीत तीन आणि चौथीत चार मुले असताना कशी करायची, हे त्या घटकसंचात सापडत नाही.

कुमठे बीटचा अनुभव

सातारा तालुक्यातील कुमठे बीट हे या विषयातील महाराष्ट्राचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. तेथे शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने अध्यापन बदलण्याचे काम हाती घेतले. विस्तार अधिकारी हे पद मूळचे तपासणीचे; तेथे ते शिक्षकांबरोबर बसून विचार करण्यासाठी वापरले गेले. शिक्षक वर्गात प्रयोग करीत, त्याविषयी आपसांत बोलत आणि चुका दुरुस्त करून पुन्हा करून पाहत.

पुढे कुमठ्याची ख्याती झाली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास राज्यभरातून शिक्षक व अधिकारी कुमठ्याच्या शाळा पाहायला येऊ लागले. एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांना दिसते ते साहित्य: फरशीवर रंगवलेले तक्ते, गठ्ठे-सुट्टे, शब्दपट्ट्या. दिसत नाही ते त्यामागचे काम. लवकरच राज्यातील असंख्य शाळांच्या फरशा रंगल्या आणि रंगवलेली फरशी म्हणजेच ज्ञानरचनावाद असा समज पसरला. मूळ शाळांत तो तक्ता शिक्षकाच्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर होता, नकलेत तो सजावट झाला. सावकाश घडवलेले काम एका दिवसात दाखवून पसरवायला गेले की काय होते, हे यावरून कळते. अर्थात काही शिक्षक त्या भेटीने पेटून उठले आणि परतल्यावर चिकाटीने काम करीत राहिले, हेही नोंदवले पाहिजे.

मार्गदर्शनाचे चक्र

शाळास्तरीय मार्गदर्शनाची एक फेरी चार भागांची असते. आधी दहा मिनिटे बोलणे: आज काय शिकवणार आणि कोणत्या मुलांची अडचण वाटते. मग पाठाचे निरीक्षण; यात मार्गदर्शक शिक्षकापेक्षा मुलांकडे आणि त्यांच्या वह्यांकडे अधिक पाहतो. पाठानंतर त्याच दिवशी पंधरा-वीस मिनिटांची चर्चा होते आणि पुढच्या भेटीपर्यंत करायचा एकच बदल ठरतो. पुढच्या भेटीची सुरुवात त्या बदलापासून होते. दहा सूचना देणारा मार्गदर्शक काहीच दिल्यासारखे करतो, कारण शिक्षक त्यांतील सोप्या दोन उचलतो आणि त्या बहुधा फलकलेखनाच्या असतात.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते दाखवण्यासाठी तिसरीच्या हातच्याच्या वजाबाकीचे एक कल्पित, पण नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. शिक्षकाने कार्यशाळेत गठ्ठे-सुट्टे वापरण्याची पद्धत पाहिली आहे. माडाच्या हिरांचे सारखे तुकडे करून, दहा-दहा एकत्र बांधून त्याने साहित्यही तयार केले आहे. उदाहरण आहे ५२ वजा २७. वर्गात नऊ मुले असून सहांच्या वहीत उत्तर आहे ३५.

पहिल्या भेटीत मार्गदर्शकाला दिसते की गठ्ठे शिक्षकाच्या टेबलावर आहेत. गठ्ठा सोडतो तो शिक्षक, आणि मुले एका सुरात उत्तर देतात. पाठ छान झाला असे कोणालाही वाटेल. चर्चेत मार्गदर्शक मत देत नाही. तो सहा वह्या समोर ठेवतो आणि मुलाने काय केले असेल, असे विचारतो. थोड्या वेळाने शिक्षकाच्या लक्षात येते: मुलाने एककात ७ मधून २ वजा केले आणि दशकात ५ मधून २. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने मोठ्यातून लहान वजा केले. तोवर शिक्षक याला ‘लक्ष नसणे’ म्हणत होता. आता ती एक विचारपूर्वक केलेली, पण चुकीची रीत आहे हे त्याला दिसते. ठरलेला बदल एवढाच: पुढच्या वेळी हीर मुलांच्या हातात.

दुसऱ्या भेटीत मुलांच्या जोड्यांपुढे पाच गठ्ठे आणि दोन सुटे हीर आहेत. सत्तावीस काढायचे आहेत. मुले दोन गठ्ठे चटकन बाजूला करतात आणि सात सुट्यांपाशी अडतात. एक जोडी गठ्ठा सोडते. बारा सुटे होतात, सात काढल्यावर पाच उरतात. दोन गठ्ठे व पाच सुटे, म्हणजे पंचवीस. इतर जोड्या पाहून तसेच करतात. शिक्षक समाधानी होतो, पण वहीत तीच मुले पुन्हा ३५ लिहितात. हा टप्पा जवळजवळ हमखास येतो आणि कार्यशाळेत तो कोणी सांगत नाही. हिरांचे काम आणि वहीतील काम या मुलांसाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या भेटीत मार्गदर्शक स्वतः पंधरा मिनिटे वर्ग घेतो आणि शिक्षक निरीक्षण करतो. प्रत्येक कृतीनंतर तो मुलांना थांबवून तीच कृती वहीत लिहायला लावतो. गठ्ठा सोडला की लगेच ५ वर काट मारून ४, आणि एककाच्या २ वर १२. मग एककातील वजाबाकी, मग दशकातील. हिरांना हात न लावता वहीत पुढे जायचे नाही. शिक्षकाने हीच रीत दोन आठवडे चालवायची.

चौथ्या भेटीला बहुतेक मुले ५२ वजा २७ बरोबर सोडवतात. मार्गदर्शक फळ्यावर ५८ वजा २३ देतो, आणि काही मुले येथेही गठ्ठा सोडतात. कारण सरावाची सारीच उदाहरणे हातच्याची होती. केव्हा सोडायचे हा निर्णय त्यांना कधी घ्यावाच लागला नव्हता. म्हणून यापुढे सरावात दोन्ही प्रकार मिसळायचे, आणि ४० वजा १६ सारखी शून्याची उदाहरणेही घ्यायची. तेथे ३६ असे उत्तर आले तर जुनी रीत अजून गेलेली नाही, हे लगेच कळते. या चार भेटींना सुमारे दीड ते दोन महिने लागतात. एका घटकासाठी हा काळ फार वाटेल. पण शिक्षक या काळात केवळ वजाबाकी शिकत नाही, चुकलेली वही वाचायला शिकतो, आणि ते पुढे प्रत्येक घटकात उपयोगी पडते.

मालवणी बोली आणि वाचन

राज्यस्तरीय घटकसंचात न मावणारी दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. मालवण किनाऱ्यावरील अनेक मुलांच्या घरी मालवणी बोलली जाते. प्रमाण मराठीतील अनेक आकारान्त पुल्लिंगी नामे मालवणीत ओकारान्त होतात: आंबा नव्हे आंबो, घोडा नव्हे घोडो. जिल्ह्यातील अनेक शिक्षक मात्र घाटावरून आलेले आहेत. पहिलीतील मूल चित्राशेजारचा ‘आंबा’ हा शब्द ‘आंबो’ असा वाचते, तेव्हा शिक्षक त्याला चूक ठरवून प्रमाण रूप दहा वेळा म्हणून घेतो.

येथे दोन शक्यता असतात. मूल अक्षरे वाचतच नाही, चित्र पाहून ओळखीचा शब्द बोलते. किंवा ते अक्षरे वाचून अर्थ ओळखते आणि तो आपल्या बोलीत सांगते. उपाय दोहोंसाठी वेगळे आहेत. चित्र झाकून तोच शब्द वाचायला दिला आणि मूल अडखळले, तर पहिली शक्यता खरी. चित्राविनाही ते ‘आंबो’ म्हणाले, तर त्याला वाचता येते. फक्त शेवटच्या काना-मात्रेकडे लक्ष वेधायचे. हे सांगायला मुलाशेजारी बसलेला माणूस लागतो, सभागृहातील व्याख्याता पुरत नाही. शिक्षकाने बोली अडवली की मूल वाचनाच्या तासाला गप्प बसू लागते, आणि मग दोन्हींपैकी काय खरे ते कळायचीही सोय उरत नाही.

अभ्यासांतील पुरावा

भारतात या प्रश्नावर सर्वांत उपयुक्त पुरावा ‘प्रथम’ या संस्थेच्या कार्यक्रमांच्या चाचण्यांतून मिळाला. बिहार व उत्तराखंडमध्ये शासकीय शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिल्यावर मुलांच्या वाचनात लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात रचना बदलली. शिक्षकांना मदत करणाऱ्या स्थानिक पर्यवेक्षकांनी आधी स्वतः पंधरा ते वीस दिवस शाळांत मुलांना त्या पद्धतीने शिकवले, मगच ते शिक्षकांच्या मदतीला गेले. दिवसातील एक जादा तासही या कामासाठी राखला गेला आणि त्या तासाला मुले इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवली गेली. येथे हिंदी वाचनात सुधारणा झाली, गणितात मात्र नाही. स्वतः न शिकवलेल्या पर्यवेक्षकाला शिक्षक कितपत मानतील, याचा विचार त्या रचनेत होता.

दक्षिण आफ्रिकेतील नॉर्थ वेस्ट प्रांतातील चाचणी अधिक थेट तुलना करते. तेथे शाळांच्या दोन गटांना मातृभाषेतील वाचनासाठी एकाच प्रकारच्या पाठयोजना व पुस्तके देण्यात आली. एका गटातील शिक्षकांना मध्यवर्ती ठिकाणी काही दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्या गटात मार्गदर्शक वर्गात येत राहिले. दोन वर्षांनंतर मुलांच्या वाचनातील वाढ मार्गदर्शनाच्या गटात सुमारे दुप्पट होती. कार्यशाळेच्या गटातही काही वाढ झाली होती, हे विसरता कामा नये. रोज वापरायचे तयार साहित्य हाती असेल तर कार्यशाळा अगदीच निष्फळ ठरत नाही.

मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. मार्गदर्शनाने अध्यापनात चांगली, आणि मुलांच्या संपादणुकीत त्याहून कमी पण स्पष्ट सुधारणा होते, असे त्यात आढळले. कार्यक्रम मोठा झाला की परिणाम घटतो, हीही त्यांची नोंद आहे. मोजक्या निवडक मार्गदर्शकांनी केलेले काम हजारोंकडून तसेच होत नाही.

अंमलबजावणीतील अडचणी

महाराष्ट्रात या कामासाठी नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. केंद्रप्रमुख हे पद त्यासाठीच होते. हिशेब असा मांडता येईल. एका केंद्रात १२ शाळा आणि प्रत्येकी तीन, म्हणजे ३६ शिक्षक धरू. प्रत्येकाचा पाठ पंधरवड्यातून एकदा पाहायचा, तर कामाच्या १२ दिवसांत रोज एक शाळा आणि तेथील तिन्ही शिक्षक असे गणित येते. ते जमण्यासारखे आहे, पण दुसरे काहीही काम नसेल तरच. प्रत्यक्षात शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, निवडणुकीची कामे आणि तातडीने मागवलेले अहवाल यांत महिन्यातील बराच काळ जातो. त्यातच या पदांपैकी अनेक दीर्घकाळ रिक्त राहिली असून एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार दिसतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरील वाड्यांपर्यंत पोहोचणे हाही एक प्रश्न आहेच.

दुसरी अडचण अधिकाराची. खेड्यापाड्यांत शाळा तपासणाऱ्या डेप्युटीला ‘दिपोटी’ म्हणत, आणि तो येणार म्हटले की शाळा सारवून, पाठ घोकून तयार होत असे. तपासणीची ती सवय अजून मोडलेली नाही. शेरेपुस्तकात शेरा लिहिणारा माणूस आणि न जमलेला पाठ ज्याला निर्धास्तपणे दाखवावा तो माणूस एकच असणे अवघड असते. शिक्षक मग आधी तयार करून घेतलेला पाठ सादर करतो आणि मार्गदर्शकाला नाटक पाहायला मिळते. हे ओळखण्याची एक खूण आहे: पाठात एकही मूल चुकत नाही, आणि वहीत मात्र चुका असतात. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून शेजारच्या शाळेतील अनुभवी शिक्षकच एकमेकांच्या वर्गात बसतात आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात जात नाही. मात्र द्विशिक्षकी शाळेत त्यासाठी वर्ग सोडायचा कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न सुटत नाही. महिन्याच्या शिक्षण परिषदेत व्याख्यानाऐवजी चार शाळांतील एकाच घटकाच्या वह्या मांडून त्यांवर बोलणे, हा त्यातल्या त्यात निभावणारा मार्ग आहे.

बदल्यांचाही फटका बसतो. दीड-दोन वर्षे मार्गदर्शन मिळालेला शिक्षक दुसऱ्या तालुक्यात किंवा स्वतःच्या जिल्ह्यात गेला की त्या शाळेपुरते काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शिकलेले त्याच्याबरोबर जाते, पण नव्या शाळेत ते टिकेलच असे नाही.

कार्यशाळा कोठे पुरेशी ठरते

ज्या कामात केवळ माहिती हवी असते तेथे एक दिवस पुरतो. नव्या पाठ्यपुस्तकाची ओळख, मूल्यमापनाच्या नोंदीचा नवा नमुना, ‘दीक्षा’ उपयोजनावर साहित्य शोधणे किंवा शाळेतील अग्निसुरक्षा ही त्याची उदाहरणे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’ बरोबर ‘वीस पाच’ असे संख्यावाचन आले, तेव्हा त्यामागचे कारण शिक्षकांना एका बैठकीत सांगता येण्यासारखे होते: मराठी संख्यानामांत एकक आधी येतो, म्हणून ‘बावन्न’ ऐकून मूल २५ लिहिते. परंतु तसे लिहिणाऱ्या मुलाला पाहून त्या क्षणी काय करायचे, हे त्या बैठकीत शिकता येत नाही, आणि मार्गदर्शकाची गरज तेथून सुरू होते.